यंदा कोणते संचालक रोटेशनने निवृत्त होणार? पहिल्यांदाच एजीएमची नोटीस तयार करणाऱ्यांसाठी

एजीएमच्या नोटिशीत दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकावर एक ओळ ठरलेली असते: अमुक संचालक रोटेशनने निवृत्त होत आहेत, पात्र असल्याने पुनर्नियुक्तीसाठी ते इच्छुक आहेत, त्यांच्या जागी संचालक नेमणे. सेक्रेटरियल विभागात नव्याने आलेला माणूस बहुधा मागच्या वर्षीची नोटीस उघडतो, नाव बदलतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. चूक होते ती इथेच, कारण कोणाचं नाव घालायचं हे मागच्या नोटिशीवरून कळत नाही. ते हिशेब करून काढावं लागतं. हा हिशेब कसा करायचा आणि पुढे सभेत काय काय होऊ शकतं, हे इथे कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १५२ च्या पोटकलम (६) आणि (७) च्या आधारे क्रमाने पाहू.

आधी एवढं तपासा: हे कलम आपल्याला लागू आहे का?

रोटेशनचा नियम पब्लिक कंपनीसाठी आहे. प्रायव्हेट कंपनीला तो आपोआप लागू होत नाही, पण तिच्या आर्टिकल्समध्ये तशी तरतूद असेल तर ती पाळावी लागते. म्हणून आर्टिकल्स वाचल्याशिवाय 'आपण प्रायव्हेट, आपल्याला काही नाही' असं म्हणू नका. एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. नावात 'प्रायव्हेट लिमिटेड' असलेली कंपनी एखाद्या पब्लिक कंपनीची उपकंपनी असेल, तर या कायद्यासाठी ती पब्लिकच धरली जाते. मोठ्या उद्योगसमूहांतल्या छोट्या कंपन्या इथे हमखास अडकतात.

आर्टिकल्समध्ये आणखी एक गोष्ट शोधा. सगळेच संचालक दर एजीएमला निवृत्त होतील असं तिथे लिहिलेलं असू शकतं. तसं असेल तर खालच्या अपूर्णांकांची गरजच नाही. मात्र अशी तरतूद क्वचितच आढळते.

पहिला हिशेब: दोन तृतीयांश

संचालक मंडळावरच्या एकूण संचालकांपैकी किमान दोन तृतीयांश संचालक रोटेशनने निवृत्त होणारे असले पाहिजेत. यासाठी 'एकूण' संख्या मोजताना स्वतंत्र संचालक वगळायचे. त्यांची मुदत वेगळ्या नियमाने ठरते आणि रोटेशन त्यांना लागूच नाही. इतर सगळे मात्र मोजायचे. एमडी, पूर्णवेळ संचालक आणि कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थेने बसवलेला नॉमिनीसुद्धा त्यात येतो. नॉमिनीला रोटेशनमधून सूट असते म्हणून त्याला एकूण संख्येतूनही वगळणं, ही नवख्यांची नेहमीची चूक आहे.

आता एक उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत नेऊ. एका लिस्टेड कंपनीत ११ संचालक आहेत आणि त्यातले ४ स्वतंत्र आहेत. उरले ७. सातचे दोन तृतीयांश म्हणजे ४.६७. कायदा 'दोन तृतीयांशापेक्षा कमी नाही' असं म्हणतो, म्हणून इथे आकडा वरच न्यायचा, म्हणजे ५. थोडक्यात, रोटेशनमध्ये किमान पाच जण हवेत आणि जास्तीत जास्त दोघांना बाहेर ठेवता येतं. या कंपनीत एमडी आणि एक नॉमिनी असे दोघे बाहेर आहेत. बाकीचे पाच, त्यांना अ, ब, क, ड आणि इ म्हणू, रोटेशनमध्ये आहेत. हिशेब जुळतो.

जुळत नसेल तर? समजा उद्या आणखी एका बँकेचा नॉमिनी आला. मग एकूण ८ होतात, दोन तृतीयांश ५.३३, म्हणजे ६ लागतात आणि रोटेशनमध्ये आहेत पाचच. अशा वेळी बहुतेक कंपन्या एमडीलाच रोटेशनमध्ये आणतात. कायद्यात त्याला आडकाठी नाही. फक्त त्याच्या नेमणुकीच्या अटींमध्ये तसं लिहून घ्यावं. रोटेशनने निवृत्त होऊन त्याच सभेत पुन्हा नेमणूक झाली, तर एमडी म्हणून असलेला कार्यकाळ खंडित धरला जाणार नाही, हेही त्याच अटींमध्ये नमूद करावं. एमडी रोटेशनमध्ये येणं म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी त्याची खुर्ची सभासदांच्या मतांवर येणं. प्रवर्तकांकडे भक्कम बहुमत असेल तर ही औपचारिकता ठरते, नसेल तर काय होतं ते पुढे येईलच.

दुसरा हिशेब: एक तृतीयांश

रोटेशनमधल्या संचालकांपैकी एक तृतीयांश दर एजीएमला निवृत्त होतात. संख्या तीन किंवा तीनच्या पटीत नसेल, तर एक तृतीयांशाच्या सर्वात जवळची पूर्ण संख्या घ्यायची. इथे गोंधळ होतो, कारण पहिल्या हिशेबात आपण आकडा वर नेला होता आणि इथे तो जवळच्या संख्येवर आणायचा आहे. चार जण असतील तर १.३३, म्हणजे एक. पाच असतील तर १.६७, म्हणजे दोन. सात असतील तर २.३३, म्हणजे दोन. आपल्या कंपनीत पाच आहेत, म्हणून यंदा दोघे निवृत्त होतील.

वर्षाच्या मध्यात मंडळाने नेमलेल्या अतिरिक्त संचालकाला या एक तृतीयांशात धरत नाहीत. त्याचं पद तसंही पुढच्या एजीएमपर्यंतच असतं. त्याला कायम ठेवायचं असेल तर नोटिशीत वेगळा विषय घालावा लागतो. तो विशेष कामकाजात येतो आणि त्याला स्पष्टीकरणपत्र जोडावं लागतं. 'रोटेशनने निवृत्त होणारे' या ओळीत त्याचं नाव कधीच घालू नका.

दोघे कोण?

कायदा म्हणतो, शेवटच्या नेमणुकीपासून ज्यांना सर्वात जास्त काळ झाला ते. मोजायची ती शेवटची नेमणूक, कंपनीत आल्याची पहिली तारीख नव्हे. हा फरक लक्षात राहिला नाही तर बाकी सगळा हिशेब बरोबर असूनही नाव चुकतं. मंडळावरचा सर्वात जुना माणूस गेल्याच वर्षी पुनर्नियुक्त झाला असेल, तर तो रांगेत सगळ्यात मागे गेलेला असतो.

आपल्या उदाहरणात २०२५ च्या सभेआधी चित्र असं आहे. अ २००९ पासून मंडळावर आहे, पण त्याची शेवटची नेमणूक २०२३ च्या एजीएममध्ये झाली. ब चीही २०२३ मध्येच. क आणि ड २०२४ मध्ये पुनर्नियुक्त झाले. इ २०१९ मध्ये आला आणि त्याची शेवटची नेमणूक २०२२ ची आहे. म्हणजे पहिला निवृत्त होणारा इ. वयाने किंवा सेवेने अ कितीही ज्येष्ठ असला तरी इथे त्याचा संबंध नाही.

दुसरी जागा अ आणि ब यांच्यात आहे. दोघांची नेमणूक एकाच दिवशी झाली, म्हणून बरोबरी. अशा वेळी दोघांनी आपसांत ठरवावं, नाही ठरलं तर चिठ्ठ्या टाकाव्यात, असं कायदा सांगतो. व्यवहारात चिठ्ठ्यांपर्यंत वेळ येत नाही, कोणीतरी 'यंदा मी जातो' म्हणतो. पण ते तोंडी ठेवू नका. दोघांच्या सहीचं दोन ओळींचं पत्र घ्या आणि मंडळाच्या ज्या बैठकीत नोटीस मंजूर होते तिच्या इतिवृत्तात त्याचा उल्लेख करा. समजा ब तयार झाला. मग २०२५ मध्ये इ आणि ब. पुढच्या वर्षी सर्वात जुनी नेमणूक अ ची (२०२३), आणि त्याच्यासोबत क किंवा ड यांपैकी एक, म्हणजे तिथे पुन्हा बरोबरी. पाचपैकी दोन असं प्रमाण असलं की ही बरोबरी अधूनमधून येतच राहते.

मंडळाची बैठक आणि कागदपत्रं

नावं ठरली की प्रत्येकाला आधी विचारा, पुन्हा व्हायचं आहे का? नको असेल तर तसं लेखी घ्या. हे लेखी नकारपत्र पुढे फार उपयोगी पडतं, का ते खाली कळेल. हवं असेल तर डीआयआर-८ घ्या. कलम १६४(२) खाली आपण अपात्र नाही, असं संचालक त्यात कळवतो. यातली सर्वात सामान्य अडचण संचालकाची स्वतःची नसते. तो ज्या दुसऱ्या कंपनीवर आहे तिने सलग तीन आर्थिक वर्षं ताळेबंद किंवा वार्षिक विवरणपत्र भरलेलं नसतं आणि त्यामुळे तो इथेही अपात्र ठरतो. म्हणून फॉर्मवर विसंबून राहू नका. त्याच्या इतर कंपन्यांची स्थिती एमसीएच्या संकेतस्थळावर स्वतः बघा.

नॉमिनेशन अँड रेम्युनरेशन कमिटी असेल तर तिची शिफारस घेऊन विषय मंडळासमोर न्या. ज्याची पुनर्नियुक्ती आहे त्याने त्या विषयावर चर्चा आणि मतदान टाळावं.

बाहेरच्या माणसाला संचालकपदासाठी उभं राहायचं असेल तर किमान १४ दिवस आधी लेखी सूचना आणि एक लाख रुपये अनामत लागते. निवृत्त होणाऱ्या संचालकाला यातलं काही लागत नाही. तरीही काही जण त्याच्याकडून अनामत घेतात. ती घेण्याची गरज नाही.

नोटीस

निवृत्त होणाऱ्यांच्या जागी संचालक नेमणं हे एजीएमचं सर्वसाधारण कामकाज आहे. म्हणून कायद्याप्रमाणे स्पष्टीकरणपत्र लागत नाही. पण त्यावरून काहीच माहिती द्यायची नाही असा अर्थ काढू नका. सेक्रेटरियल स्टँडर्ड-२ नुसार वय, शिक्षण, अनुभव, मंडळावर पहिल्यांदा आल्याची तारीख, शेअर्स, इतर संचालकांशी नातं, वर्षभरात किती बैठकांना हजर होता आणि इतर कंपन्यांतली पदं हे सगळं नोटिशीसोबत द्यावं लागतं. लिस्टेड कंपनीला सेबीच्या नियमांनुसारही संचालकाची थोडक्यात माहिती द्यावी लागते. सभासद आणि मतदानाविषयी सल्ला देणाऱ्या संस्था सर्वात आधी हजेरीचा आकडा बघतात, त्यामुळे तो इतिवृत्तांशी जुळवूनच द्या.

प्रत्येक संचालकासाठी स्वतंत्र ठराव लिहा. 'इ आणि ब यांची पुनर्नियुक्ती' असा एकत्र ठराव चालत नाही. दोघांना एकाच ठरावात घ्यायचं असेल, तर तसा प्रस्ताव आधी सभेने एकही विरोधी मत न पडता मान्य केला पाहिजे. ई-व्होटिंगच्या काळात हे जवळपास अशक्यच.

लिस्टेड कंपनीचा बिगर-कार्यकारी संचालक ७५ वर्षांचा झाला असेल आणि त्याच्यासाठी आधी विशेष ठराव झालेला नसेल, तर साध्या बहुमताचा ठराव पुरत नाही. विशेष ठराव लागतो, म्हणजे विरोधी मतांच्या किमान तिप्पट मतं बाजूने पडावी लागतात. नोटीस लिहिण्याआधी जन्मतारखा बघून घ्या.

आता तारखा. आपल्या कंपनीची सभा गुरुवारी, २५ सप्टेंबर २०२५ ला आहे असं धरू. नोटीस २१ पूर्ण दिवसांची हवी, म्हणजे पाठवल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही मोजायचे नाहीत. ४ ते २४ सप्टेंबर हे २१ दिवस होतात, म्हणून ईमेलने पाठवत असाल तर ३ सप्टेंबरपर्यंत पाठवा. पोस्टाने किंवा कुरियरने पाठवायची तर आणखी दोन दिवस धरा, म्हणजे १ सप्टेंबर. लिस्टेड कंपनीला ई-व्होटिंग द्यावंच लागतं. ते किमान तीन दिवस खुलं असतं आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होतं, म्हणजे इथे सोमवार २२ ते बुधवार २४ सप्टेंबर.

सभेत

अध्यक्ष स्वतःच निवृत्त होणाऱ्यांपैकी असतील, तर त्या विषयापुरतं त्यांनी अध्यक्षपद सभेच्या संमतीने दुसऱ्या, हितसंबंध नसलेल्या संचालकाकडे किंवा सभासदाकडे द्यायचं. त्यांचा मताचा हक्क मात्र शाबूत राहतो. स्वतःचे शेअर्स असतील तर निवृत्त होणारा संचालक स्वतःच्या बाजूने मत देऊ शकतो.

ठराव मंजूर झाला तर काम झालं. गुंतागुंत होते ती ठराव मतदानाला टाकलाच गेला नाही, तर. उदाहरणार्थ, सभेत वाद झाला आणि ब चा विषय तसाच राहिला. जागा भरायची नाही असंही सभेने स्पष्ट ठरवलं नाही. अशा वेळी सभा आपोआप पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी, त्याच ठिकाणी तहकूब होते. आपल्या उदाहरणात तो दिवस म्हणजे गुरुवार, २ ऑक्टोबर. गांधी जयंती, म्हणजे राष्ट्रीय सुट्टी. म्हणून सभा शुक्रवारी, ३ ऑक्टोबरला. तिथेही जागा भरली गेली नाही आणि न भरण्याचाही ठराव झाला नाही, तर ब आपोआप पुनर्नियुक्त झाला असं मानलं जातं.

या 'आपोआप'ला मर्यादा आहेत. ठराव मतदानाला टाकून तो फेटाळला गेला असेल तर हा फायदा मिळत नाही. संचालकाने लेखी नकार कळवला असेल, तो अपात्र असेल, किंवा त्याच्या नेमणुकीसाठी कायद्यानेच वेगळा ठराव लागत असेल तरीही मिळत नाही. वर नकारपत्र लेखी घ्यायला सांगितलं ते यासाठीच. तोंडी नकार दिलेला माणूस गोंधळात विषय सुटला तर मनाविरुद्ध पुन्हा संचालक होऊन बसतो. ई-व्होटिंगमध्ये तर ठराव सभेआधीच मतदानाला पडलेला असतो, म्हणून लिस्टेड कंपनीत 'आपोआप पुनर्नियुक्ती'ला फारशी जागा उरलेली नाही.

ठराव पडला तर

हे कागदावरचं भय नाही. मुंबईच्या झी एंटरटेनमेंटच्या २८ नोव्हेंबर २०२४ च्या एजीएममध्ये पुनीत गोयंका यांची रोटेशननंतरची पुनर्नियुक्ती सभासदांनी नाकारली. बाजूने सुमारे ४९.५ टक्के मतं होती. साध्या बहुमताला निम्म्याहून अधिक लागतात, म्हणून अर्धा टक्का कमी पडला तरी ठराव पडतो. गोयंका यांनी त्याच महिन्यात एमडीपद सोडलं होतं आणि ते सीईओ होते. एमडी व्हायला संचालक असावं लागतं, सीईओला ते बंधन नाही. त्यामुळे संचालकपद गेलं तरी ते सीईओ राहू शकले. ते अजून एमडी असते, तर संचालकपदाबरोबर एमडीपदही गेलं असतं.

ठराव पडल्यावर मंडळाला पहिला मोह होतो तो त्याच माणसाला अतिरिक्त संचालक म्हणून परत घेण्याचा. कलम १६१(१) ने हा रस्ता बंद केला आहे. सर्वसाधारण सभेत निवडून न आलेल्या व्यक्तीला मंडळ अतिरिक्त संचालक नेमू शकत नाही. 'अचानक रिकामी झालेली जागा' म्हणूनही तो परत येत नाही, कारण तो मुदत संपायच्या आधी गेलेला नसून मुदत संपल्यामुळे गेला आहे. त्याला परत आणायचं तर पुन्हा सभासदांपुढेच जावं लागेल. मंडळ दुसऱ्या कोणाला मात्र घेऊ शकतं, आर्टिकल्सने तो अधिकार दिला असेल तर. त्याच दिवशी संचालकांची किमान संख्या, म्हणजे पब्लिक कंपनीला तीन, आणि लिस्टेड असाल तर स्वतंत्र संचालकांचं व समित्यांचं प्रमाण बिघडलं का, तेही मोजा. एक जागा गेली की दोन तृतीयांशाचा हिशेबही नव्याने करावा लागतो.

सभा वेळेत घेतली नाही तर

एजीएम आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे मार्चअखेर वर्ष असणाऱ्या कंपनीसाठी ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. मागच्या एजीएमपासून १५ महिने आधी पूर्ण होत असतील तर ती तारीख धरायची. काही संचालकांना वाटतं की सभाच झाली नाही तर निवृत्तीही होणार नाही. ही समजूत फार जुनी आहे आणि तितक्याच जुन्या निकालाने खोडलेली आहे. कोलाबा लँड अँड मिल कंपनीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस स्पष्ट केलं की सभा न बोलावून संचालकांना आपली मुदत लांबवता येत नाही. सभा ज्या शेवटच्या दिवशी व्हायला हवी होती, त्या दिवशी रोटेशनच्या पाळीत असलेल्यांचं पद जातं. उशीर होणार असं दिसत असेल तर मुदत संपण्याआधीच कंपनी निबंधकाकडे वाढीसाठी अर्ज करा. निबंधक जास्तीत जास्त तीन महिने देऊ शकतो.

सभेनंतर

लिस्टेड कंपनी मतदानाचा निकाल दोन कामाच्या दिवसांत शेअर बाजारांना कळवते. इथे नवख्यांचा एक प्रश्न नेहमीचा असतो: पुनर्नियुक्त झालेल्यासाठी डीआयआर-१२, म्हणजे संचालकांतला बदल निबंधकाला कळवण्याचा फॉर्म, भरायचा का? रोटेशनने निवृत्त होऊन त्याच सभेत परत आलेल्याच्या बाबतीत मंडळात बदल होत नाही, म्हणून प्रचलित पद्धतीत तो भरत नाहीत. पुनर्नियुक्ती झाली नाही, किंवा त्याच्या जागी दुसरा आला, तर मात्र ३० दिवसांत भरायचा. अतिरिक्त संचालक त्याच सभेत नियमित झाला असेल तर त्याचाही भरायचा. एकाच सभेतले हे दोन विषय एकमेकांत मिसळू देऊ नका.

आणि फाइल बंद करण्याआधी एक छोटा तक्ता अद्ययावत करा. त्यात प्रत्येक रोटेशन संचालकाची पहिली नेमणूक, शेवटची नेमणूक, जन्मतारीख आणि बरोबरी कशी सोडवली ते लिहा. आपल्या उदाहरणात इ आणि ब समोर आता २५ सप्टेंबर २०२५ येईल, आणि २०२६ च्या नोटिशीसाठी अ चं नाव तिथेच तयार दिसेल.